जॉर्जेटवरची उलटी बखिया: कापड जोडण्यापासून धुण्यापर्यंत

चिकनकारीतल्या शॅडो वर्कला लखनौचे कारागीर उलटी बखिया म्हणतात. नावातच कामाची सगळी रीत आहे. धाग्याचे आडवे-तिरके दोरे कापडाच्या पाठीवर पसरतात, पुढे फक्त पानाच्या दोन कडांवर बारीक टिपेसारखे टाके दिसतात आणि मधला भाग विरळ कापडातून सावलीसारखा उमटतो. पाठीवर जे जे आहे ते सगळे पुढून दिसते, मग तो धागा असो, गाठ असो, सोडून दिलेले टोक असो, खाली लावलेले कापड असो की अस्तर. बहुतेकांचे काम बिघडते ते टाका येत नाही म्हणून नाही, तर कापडाच्या पाठीकडे कोणी लक्ष देत नाही म्हणून. कॉटनवर किंवा मलमलीवर हात बसलेला असला तरी जॉर्जेटवर तीच सवय चालत नाही, कारण हे कापड सरकते, ताणले की वाकडे होते आणि ओले झाले की आखडते.

या लेखात एकच नमुना सुरुवातीपासून शेवटपर्यंत घेतला आहे: पिस्ता रंगाच्या जॉर्जेटच्या कुर्त्यावर गळ्याखाली पांढऱ्या धाग्याची एक बुट्टी. मध्ये पाच पाकळ्यांचे फूल, खाली देठ, देठाला दोन पाने. पान 3 सेंमी लांब आणि मधोमध 7 मिमी रुंद. पूर्ण बुट्टी साधारण 8 सेंमी रुंद व 10 सेंमी उंच. हे एकदा जमले की जाळ किंवा बेल करताना फक्त संख्या वाढते, रीत तीच राहते.

1. आधी कापड ओळखा

दुकानात ‘जॉर्जेट’ म्हणून तीन वेगळ्या गोष्टी मिळतात: रेशमी, व्हिस्कोस आणि पॉलिएस्टर. दिसायला तिन्ही जवळपास सारखीच, पण पाण्यात आणि इस्त्रीखाली तिघांचे वागणे निराळे. कडेचे चार-पाच धागे काढून चिमट्यात धरा आणि सिंकवर जाळून बघा. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटात चुरली तर रेशीम. कागदासारखे भुरकन जळून हलकी राख उरली तर व्हिस्कोस. वितळून टणक काळा मणी झाला तर पॉलिएस्टर. मिश्र धाग्याच्या कापडात दोन्ही खुणा एकत्र दिसतात. तेव्हा त्यातल्या नाजूक धाग्याचे नियम पाळावेत.

पहिल्या कामासाठी पॉलिएस्टर जॉर्जेट घ्या. ते फारसे आखडत नाही, ओले असताना कमजोर होत नाही आणि चुकले तर उसवणेही सोसते. व्हिस्कोस ओले असताना बरेच कमकुवत होते, म्हणून धुताना त्याला जास्त जपावे लागते. मात्र भरतकाम झाल्यावर कापड रंगवून घ्यायचे असेल तर व्हिस्कोसच घ्यावे, कारण कॉटनचा धागा आणि व्हिस्कोस एकाच प्रकारचा रंग धरतात. पॉलिएस्टरवर कॉटनचा धागा भरून ते रंगाऱ्याकडे दिले तर धागा आणि कापड कधीच सारखे रंगत नाही.

कापड कोणतेही असो, भरण्याआधी ते एकदा भिजवायलाच हवे. जॉर्जेटचा धागा जास्त पीळ देऊन विणलेला असतो आणि पाणी लागले की तो पीळ आखडतो. आधी भरले आणि नंतर कापड आखडले, तर धागा होता तेवढाच राहतो आणि पानाभोवती चुण्या पडतात. या चुण्या इस्त्रीने जात नाहीत. कुर्त्याचे पूर्ण कापड थंड पाण्यात 20 मिनिटे बुडवून ठेवा, न पिळता काढा, टॉवेलवर पसरून सावलीत वाळवा आणि उलट्या बाजूने हलकी इस्त्री करा.

तपासा: भिजवण्याआधी कडेला 20 सेंमीचा एक चौकोन कच्च्या टाक्यांनी आखून ठेवा. वाळून इस्त्री झाल्यावर तो पुन्हा मोजा. 3-4 मिमीपेक्षा जास्त फरक आला असेल तर कापड आणखी एकदा भिजवा, आणि दुसऱ्या वेळी माप स्थिर राहिले की मगच नक्षी छापा.

2. धागा आणि सुई

सहा पदरी कॉटनची लडी घ्या. सावलीसाठी त्यातले दोन पदर वापरा, देठ आणि बारीक रेषांसाठी एक. मलमलीवर एका पदराने छान सावली येते, पण जॉर्जेटचा पोत कणीदार असतो आणि त्यातून एक पदर फिकट दिसतो. शंका असेल तर कापडाच्या तुकड्यावर एक पान एका पदराने आणि एक दोन पदरांनी भरून दोन्ही उजेडाकडे धरून बघा. पदर लडीतून एकेक करून ओढा आणि मग एकत्र जुळवा. दोन्ही एकदम ओढले तर गुंता होतो आणि धाग्याला पीळ पडतो.

दोरा 45 सेंमीपेक्षा लांब घेऊ नका. जॉर्जेटमधून प्रत्येक वेळी ओढला जाताना धागा घासतो, आणि लांब दोऱ्याचे शेवटचे टोक कापसासारखे फुलून येते. सुई 9 किंवा 10 नंबरची, भरतकामाची, टोक धारदार. टोक किंचितही बोथट झाले असेल तर जॉर्जेटचा धागा ओढला जातो आणि कापडावर एक लांब रेघ उमटते. सुई आधी जुन्या जॉर्जेटमधून किंवा शिफॉनच्या ओढणीतून चालवून बघा.

गडद रंगाचा धागा फिकट कापडावर वापरणार असाल तर त्याचा रंग सुटतो का ते आजच बघा. धाग्याचा तुकडा ओला करून पांढऱ्या रुमालाच्या घडीत ठेवा आणि वरून गरम इस्त्री दाबा. रुमालावर डाग उमटला तर तो धागा या कामासाठी नाही.

3. नक्षी उतरवणे

लखनौहून छापलेले कापड आणले असेल तर त्यावरचा निळा छाप धुण्यात निघून जाणाराच असतो. घरी नक्षी काढताना पाण्याने जाणारा निळा पेन वापरा. गडद कापडावर पांढरा खडू बरा. साधी पेन्सिल वापरू नका, कारण धाग्याच्या घासण्याने शिसे पांढऱ्या दोऱ्याला लागते आणि तो करडा पडतो. उष्णतेने जाणारे पेन हमखास फसवतात. इस्त्रीने रेघ नाहीशी होते, पण थंडीत ती परत दिसू शकते, आणि गडद कापडावर फिकट पांढुरकी खूण मागे राहते.

नव्याने शिकणाऱ्याने काम पाठीवरूनच करावे, म्हणून नक्षीही पाठीवर, आरशातल्यासारखी उलटी काढा. आपली दोन पाने सारखी नसतील, म्हणजे उजवीकडचे मोठे आणि डावीकडचे लहान असेल, तर उलटी न काढल्यास पुढच्या बाजूला पानांची अदलाबदल होते. जॉर्जेट टेबलावर पसरा, उभा धागा टेबलाच्या कडेला समांतर ठेवा, चारही कोपरे कागदी टेपने धरा. खाली नक्षीचा कागद सरकवा आणि हलक्या हाताने रेघ काढा. पेन ओढू नका, ठिपके ठिपके देत जा, कारण ओढल्यावर कापड पेनाबरोबर सरकते.

प्रत्येक पानाच्या दोन्ही कडांवर दर 5 मिमीला समोरासमोर एकेक बारीक ठिपका द्या, शिडीच्या पायऱ्यांसारखा. भरताना एक कड पुढे आणि दुसरी मागे पडू लागली की या ठिपक्यांवरून लगेच कळते. पाच मिनिटांचे हे काम नंतरचा बराच वेळ उसवण्यापासून वाचवते.

सावधान: 8 मिमीपेक्षा रुंद पान या टाक्याने सलग भरू नका. पाठीवरचे दोरे जेवढे लांब तेवढे ते बांगडीत, अंगठीत अडकतात आणि कापड मधे गोळा होते. पान रुंदच हवे असेल तर मधोमध शीर काढा आणि दोन अरुंद भाग वेगवेगळे भरा.

4. कापडाला आधार: खिडकीची रीत

इथे सगळ्यात जास्त चुका होतात. जॉर्जेट सरकते म्हणून कोणी मागे चिकटवण्याचे पेस्टिंग लावते, कोणी कागद लावून त्यावरच भरते, कोणी मलमलीचा तुकडा टाचून दोन्ही कापडांतून टाके घेते. तिन्ही ठिकाणी सावली मरते. पेस्टिंगचा गोंद जॉर्जेटच्या जाळीतून चमकतो आणि कापड तिथे कडक होते. कागदाचे कण दोऱ्यांखाली अडकून राहतात, आणि चिमट्याने ओढून काढताना दोरे सैल पडतात. मलमल असेल तर दोरे मलमलीच्या पाठीवर जातात, म्हणजे डोळा आणि दोरा यांच्यात आणखी एक कापड येते आणि पानाचा आकार धुकट होतो. पाण्यात विरघळणारा पारदर्शक कागद त्यातल्या त्यात बरा, पण तो विरघळल्यावर दोरे त्याच्या जाडीएवढे सैल राहतात. बारीक देठासाठी तो चालेल, पानासाठी नको.

आधार हवा तो बुट्टीच्या भोवती, बुट्टीच्या मागे नव्हे. त्यासाठी धुऊन इस्त्री केलेला मांजरपाटाचा किंवा जाड मलमलीचा 30 सेंमीचा चौकोन घ्या. त्याच्या मधोमध 12 × 14 सेंमीची खिडकी कापा, म्हणजे बुट्टीच्या चारही बाजूंना 2 सेंमी मोकळे राहील. खिडकी आधी कापून घ्यायची, टाचून झाल्यावर नाही. नंतर कापताना कात्री जॉर्जेटला लागते.

आता जॉर्जेट टेबलावर सुलट्या बाजूने, म्हणजे पुढची बाजू वर करून पसरा. खिडकीचे कापड त्याच्या खाली ठेवा. दोन्हींचे उभे धागे एकाच दिशेला आले आहेत ना, ते बघा. एक तिरके आणि एक सरळ असेल तर रिंगमध्ये ओढल्यावर जॉर्जेट तिरके ताणले जाते. बारीक शिलाई दोऱ्याने आणि 10 नंबरच्या सुईने खिडकीच्या कडेपासून 1 सेंमी बाहेर कच्चे टाके घाला. आधी चारही बाजूंच्या मध्यावर एकेक टाका घाला आणि नंतर कोपऱ्यांकडे जा. टाके 1.5 ते 2 सेंमीचे असावेत. शेवटी 3-4 सेंमी बाहेर आणखी एक रांग घाला. टाचताना जॉर्जेट ओढून ताठ करू नका, ते आपल्या वजनाने जसे पडेल तसेच टाचा.

रिंग 20 सेंमीची घ्या, म्हणजे पूर्ण खिडकी तिच्या आत बसते आणि लाकडाची पकड मांजरपाटावर येते. आतल्या लाकडी कड्यावर सुती पट्टी गुंडाळून घ्या, नाहीतर जॉर्जेट सरकते आणि त्याच्यावर चमक उमटते. चढवताना उलटी बाजू, जिच्यावर नक्षी आहे ती, वर ठेवा. खिडकीतून पाठ उघडीच आहे, त्यामुळे नक्षी तशीच दिसते. स्क्रू पिळल्यावर मांजरपाट धरून फक्त उभे आणि आडवे ओढा, कोपऱ्यातून कधीच नाही.

तपासा: रिंगमधले जॉर्जेट बोटाने दाबले तर 3-4 मिमी खाली गेले पाहिजे. ढोलासारखे ताठ असेल तर स्क्रू सैल करा. ताठ कापडावर भरलेले पान रिंग काढताच आकसते. काम थांबले की रात्री रिंग काढून ठेवायची.

5. टाक्यांचा क्रम

चिकनकारीत तीसच्या वर टाके आहेत, पण आपल्या बुट्टीला चार पुरेत. उलटी बखिया पानांना आणि पाकळ्यांना. रहेत, म्हणजे देठ टाका, देठाला. टेपची, म्हणजे सरळ धावदोरा, पानाच्या मधल्या शिरेला. फंदा, म्हणजे बारीक गाठी टाका, फुलाच्या मध्याला. मुर्री हा तांदळाच्या दाण्यासारखा उठावदार टाका सुंदर दिसतो, पण पहिल्या कामात तो नको. जॉर्जेटवर जाळीही टाळा. जाळीत कापडाचे धागे न कापता सुईने बाजूला सारून भोके पाडतात. जॉर्जेटचे पिळदार धागे लगेच आपल्या जागी परत येतात, आणि जोराने ओढले तर आजूबाजूचे भरलेले पानही ओढले जाते.

क्रम असा ठेवा: आधी सगळी बखिया, मग देठ आणि शिरा, शेवटी फंदा. उठावदार टाके आधी केले तर रिंगच्या कडेखाली येऊन चेपतात, आणि त्यांच्या गाठींत पुढचा दोरा अडकतो.

6. पान भरणे, टाका टाका

काम पाठीवरून, डावीकडून उजवीकडे करा. सुईचे टोक नेहमी डावीकडे. डावखुऱ्यांनी दिशा उलटी करावी.

टोकाजवळ दोऱ्याला गाठ मारू नका. 6 सेंमीचे टोक मागे सोडा आणि अंगठ्याखाली धरून ठेवा. पहिला टाका पानाच्या अगदी टोकावर, 2 मिमीचा, एकच. तिथून वरच्या कडेला जा. सुई ठरल्या रेषेवर उजवीकडे 2 मिमी पुढे टोचा आणि डावीकडे 2 मिमी मागे बाहेर काढा. आता दोरा तिरका खाली आणा आणि खालच्या कडेवर तसाच टाका घ्या: 2 मिमी पुढे टोचा, 2 मिमी मागे काढा. पुन्हा वर. पुढच्या प्रत्येक वेळी सुई बाहेर येते ती त्याच कडेवरच्या आधीच्या टाक्याच्या भोकातून. भोक एकच असले की पुढच्या बाजूला टिपेची अखंड रेघ उमटते. वेगळे भोक पडले तर पुढे तुटक रेघ दिसते, आणि सावलीत त्या जागी एक फट राहते.

पाठीवर दोरे एकमेकांना ओलांडत दाट होत जातात. टाका 2 मिमीचा ठेवला तर सावली सलग दिसते, 3 मिमीचा केला तर दोऱ्यांमध्ये फासळ्या दिसू लागतात. पान वळते तिथे बाहेरच्या कडेचा टाका थोडा मोठा आणि आतल्या कडेचा थोडा लहान घ्या, पण दोन्ही कडांच्या टाक्यांची संख्या सारखीच ठेवा. आपल्या 3 सेंमीच्या पानाला प्रत्येक बाजूला साधारण 15 टाके लागतात आणि दोऱ्यातले अंदाजे 25 सेंमी खर्च होतात. म्हणजे 45 सेंमीच्या एका दोऱ्यात एक पान होते आणि टोके खोचायला पुरेसा दोरा उरतो. दुसरे पान त्याच उरलेल्या तुकड्यात बसवण्याच्या मोहात पडू नका. पानाच्या मधोमध दोरा संपला तर तिथे दोन टोके येतात आणि दोन्हींची सावली दिसते.

दोरा ओढताना झटका देऊ नका. धागा कापडाला टेकला की थांबायचे. जास्त ओढले तर पानाच्या दोन्ही कडा जवळ येतात आणि पान होडीसारखे वळते. सैल सोडला तर पाठीवर फासे लोंबतात. दर पाच टाक्यांनी रिंग उलटवून पुढची बाजू बघा. दहाव्या टाक्यावर चूक कळली तर पाच टाके उसवावे लागतात, पान संपल्यावर कळली तर पूर्ण पान.

पान संपले की सुई त्याच पानाच्या दोऱ्यांखालून, कडेलगत, पाच-सहा दोरे ओलांडून सरकवा आणि टोक कापा. सुरुवातीचे सोडलेले टोकही तसेच, त्याच पानात खोचा.

सावधान: एका पानावरून दुसऱ्यावर दोरा नेऊ नका. मलमलीवर झाकून जाणारा 1 सेंमीचा दोरा जॉर्जेटवर पुढून तार ओढल्यासारखा दिसतो. देठावरून जायचेच असेल तर आधी रहेतचे टाके घ्या आणि त्यांच्याखालून सुई न्या.

तपासा: पान भरून झाले की रिंगमधले काम एकदा पांढऱ्या कागदावर आणि एकदा गडद कापडावर धरा. पांढऱ्यावर बाह्यरेषा दिसते आणि गडदावर सावली. गडदावर फट दिसली तर त्या जागी उसवून पुन्हा भरा. वरून एखादा टाका घालून झाकायला गेलात तर तिथे दाट ठिपका पडतो.

7. पहिली धुलाई, शिवण्याआधीच

बुट्टी पूर्ण झाली की कच्चे टाके काढा, मांजरपाट वेगळे करा आणि कापड लगेच धुवा. इस्त्री अजिबात नाही, साबणही नाही. पाण्याने जाणाऱ्या पेनची रेघ इस्त्रीने किंवा साबणाने पक्की होऊ शकते, आणि मग ती पिवळसर तपकिरी डागाच्या रूपात कायमची राहते. आधी नुसत्या थंड पाण्यात 10 मिनिटे, रेघ पूर्ण जाईपर्यंत. रेघ कापडाच्या आत झिरपलेली असते, म्हणून वर दिसेनाशी झाल्यावरही पाणी बदलून आणखी एकदा बुडवा.

लखनौचा निळा छाप असेल तर पाणी निळे होते. कापड त्याच पाण्यात पडू देऊ नका. पाणी लगेच ओता आणि नवे घ्या, स्वच्छ पाणी येईपर्यंत. रात्रभर भिजत ठेवले तर सुटलेली नीळ पांढऱ्या धाग्यावर परत बसते.

मग साबणाचे पाणी करा: 5 लिटर थंड किंवा कोमट पाण्याला लोकरीच्या कपड्यांसाठी मिळणाऱ्या द्रव साबणाचा एक चहाचा चमचा. आधी साबण पाण्यात मिसळायचा, मग कापड. 5 मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका. घासू नका, ब्रश नको, फक्त तळव्याने दाबा आणि सोडा. रिठ्याचे पाणी रंगीत कापडाला चांगले, पण पांढऱ्यावर त्याची पिवळट छटा बसू शकते. ब्लीच कोणत्याही जॉर्जेटला नको. रेशमाची तर ब्लीचमध्ये झीज होते.

खळबळताना कापड उचलायचे ते दोन्ही हात खाली घालून. एका टोकाला धरून उचलले तर सगळ्या पाण्याचे वजन बुट्टीवर येते. बोरवेलचे पाणी जड असते, त्यात साबण लवकर निघत नाही. तिथे तीनऐवजी पाच वेळा खळबळा. रेशमी जॉर्जेट असेल तर शेवटच्या 4 लिटर पाण्यात एक मोठा चमचा पांढरे व्हिनेगर टाका, त्याने साबणाचा उरलेला अंश जातो आणि रेशमाची झळाळी टिकते.

पिळायचे नाही. कापड पांढऱ्या टॉवेलवर पसरा, टॉवेलसकट गुंडाळा, वरून दाबा. मग दुसऱ्या कोरड्या टॉवेलवर, उलटी बाजू वर करून, सावलीत आडवे वाळवा. दोरीवर ओले टाकले तर व्हिस्कोस आणि रेशीम आपल्याच वजनाने लांबते, आणि चिमट्याच्या जागी कान निघतात. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात वाळायला दोन दिवस लागतात. पंख्याखाली ठेवा, पण अर्धवट दमट घडी घालू नका.

8. इस्त्री आणि अस्तर

इस्त्रीसाठी जाड टॉवेल अंथरा, भरलेली बाजू खाली, पाठीवर मलमलीचा रुमाल. इस्त्री पॉलिएस्टरच्या सगळ्यात खालच्या खुणेवर, रेशीम आणि व्हिस्कोसला त्याच्या जरा वर. इस्त्री उचलून ठेवायची, घासत न्यायची नाही. इस्त्रीचे टोक दोऱ्यात अडकले तर पाठीवरचे चार-पाच दोरे एकदम ओढले जातात. रुमाल त्यासाठीच आहे. रेशमावर पाणी शिंपडू नका, डाग पडतात.

आता कापड शिंप्याकडे जाऊ शकते, पण अस्तराचा रंग शिंप्यावर सोडू नका. पांढऱ्या धाग्याखाली पांढरे अस्तर लावले तर सावली दिसतच नाही, कारण दोरा आणि पार्श्वभूमी एकाच रंगाची होते. पिस्ता कापडाखाली पिस्ताच किंवा त्याहून किंचित गडद अस्तर लावा. तुकडा खरेदी करायला जाताना भरलेले कापड सोबत न्या आणि दुकानात अस्तरावर ठेवून, दोन पावले मागे सरून बघा.

सुती अस्तर अंगाला थंड, पण ते आखडते, म्हणून तेही आधी भिजवून वाळवून घ्या. अस्तर जॉर्जेटला सगळीकडे जोडू नका. गळा, खांदा आणि मुंढा इथेच जोडा, बाजूच्या शिवणी वेगळ्या, खालचा घेर मोकळा, आणि अस्तर 2 सेंमी आखूड. जॉर्जेट वापरता वापरता खाली ओघळते. घेरही जोडलेला असेल तर ओघळायला जागा राहत नाही आणि कुर्ता पिशवीसारखा फुगतो. त्यामुळे घेर दुमडण्याआधी कुर्ता एक दिवस हँगरवर टांगा, मग खालची कड सारखी करा. अस्तरामुळे पाठीवरचे दोरे अंगाला घासत नाहीत, आणि घालताना-काढताना बांगड्याही त्यांत अडकत नाहीत. म्हणून अस्तर नको असेल तर निदान आतून पातळ स्लिप घाला.

9. नंतरच्या धुलाया आणि ओढलेला दोरा

पुढची प्रत्येक धुलाई वर दिल्याप्रमाणेच, फक्त कुर्ता उलटा करून. मशीनच लावायची असेल तर पॉलिएस्टरलाच, जाळीच्या पिशवीत, नाजूक चक्रावर आणि सुकवण्याचे चक्र बंद ठेवून. साखळी, हुक किंवा टिकल्या असलेले काहीही त्या पाण्यात नको. गडद धाग्याचा रंग सुटू लागला तर कापड वाळू देऊ नका, थंड पाण्यात सतत खळबळत राहा. एकदा वाळले की डाग पक्का होतो.

घडी घालून मलमलीत गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको. बुट्टीवर घडी येऊ देऊ नका. दर दोन-तीन महिन्यांनी घडी बदला.

पाठीवरचा दोरा ओढला जाऊन फासा बाहेर आला तर तो कापू नका. बोथट सुईने शेजारच्या दोऱ्यांतून तो फासा थोडा थोडा करून पुढे सरकवा, म्हणजे आठ-दहा टाक्यांत तो विभागला जातो. दोरा तुटलाच असेल तर तुटलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन टाके उसवा, म्हणजे खोचण्याएवढे टोक मिळेल. जुनी टोके त्याच पानाच्या दोऱ्यांखाली खोचा आणि जुन्याच भोकांतून नव्या दोन पदरांनी भरा. धुतलेल्या पांढऱ्या धाग्याच्या शेजारी नवा धागा उजळ दिसतो, म्हणून लडीतला उरलेला धागा सुरुवातीलाच कापडासोबत पहिल्या धुलाईत घाला आणि दुरुस्तीसाठी कुर्त्याच्या घडीत जपून ठेवा.